समोरची इमारत दिसते, तरी सिग्नल अपुरा: दोन डोंगरांमधली डिश जुळवण्याची गोष्ट

प्रश्न: आमच्या शाळेच्या दोन इमारती समोरासमोरच्या डोंगरांवर आहेत, मधले अंतर साधारण पाच किलोमीटर. एकीकडून दुसरीकडे इंटरनेट नेण्यासाठी दोन्हीकडे ६५ सेंटिमीटरची ५ गिगाहर्ट्झची डिश बसवली आहे. समोरची इमारत साध्या डोळ्यांनी दिसते, लिंकही जुळते, पण सिग्नल −७८ dBm च्या वर जात नाही आणि दुपारी वारा सुटला की लिंक तुटते. डिश कुठेही हलवली तरी सिग्नल आणखी कमीच होतो. चूक कुठे असेल?

उत्तर:

मी माध्यमिक शाळेत विज्ञान आणि गणित शिकवतो आणि गेली काही वर्षे आमच्या भागातल्या शाळांच्या अशा लिंक जुळवून देतो. पहिली लिंक मी आमच्याच शाळेची जुळवली आणि तिथे मला नेमकी हीच लक्षणे दिसली होती. त्या दोन शनिवारांत काय घडले ते क्रमाने सांगतो, कारण तुमची चूकही बहुधा त्याच जागी सापडेल.

आमची शाळा भोर तालुक्यातल्या एका खोऱ्यात आहे. मुख्य इमारत खालच्या डोंगराच्या खांद्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि फायबरची जोडणी तिथपर्यंत पोहोचली होती. आठवी ते दहावीचे वर्ग समोरच्या पठारावरच्या जुन्या इमारतीत, ७८० मीटर उंचीवर भरतात. दोन्हींच्या मध्ये खोल दरी आहे आणि नकाशावरचे सरळ अंतर ४.६ किलोमीटर भरते. खालच्या इमारतीवर आमचे सहशिक्षक आणि पठारावरच्या गच्चीवर मी, अशी वाटणी करून आम्ही फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर काम सुरू केले.

दिशा शोधण्यासाठी मी आधी मोबाइलमधले होकायंत्र वापरले. लोखंडी खांबाजवळ ते प्रत्येक वेळी वेगळी दिशा दाखवू लागले, म्हणून ते खिशात ठेवले. आरसा मात्र उपयोगी पडला. सहशिक्षकांनी त्यांच्या गच्चीवरून उन्हात एक साधा हातआरसा धरून हळूहळू फिरवला आणि त्याचा कवडसा माझ्या दिशेने वळला त्या क्षणी समोरच्या डोंगरावर एक लख्ख ठिपका चमकला. धुरकट हवेत जी इमारत झाडांच्या रंगात मिसळून जात होती, तिची जागा त्या ठिपक्याने नेमकी दाखवली. पठारावर खांबाच्या मागे उभे राहून मी डिश त्या ठिपक्याच्या रोखाने वळवली. दरी पायाखाली खोल दिसत होती, म्हणून डिशचे तोंडही चांगलेच खाली केले. डिशच्या कल दाखवणाऱ्या पट्टीवर तो ६ अंश भरला.

लिंक लगेच जुळली. पडद्यावर −८४ दिसले. मी डिश डावीकडे-उजवीकडे थोडी थोडी सरकवली. सिग्नल −७९ पर्यंत चढला आणि दोन्ही बाजूंना उतरला. मग वरखाली हलवून पाहिले. थोडी वर केली की सिग्नल पडे, थोडी खाली केली तरी पडे. चारही दिशांना उतार म्हणजे आपण शिखरावर आहोत, असा निष्कर्ष मी काढला, नट आवळले आणि खाली उतरलो. तुम्ही जे लिहिले आहे, की कुठेही हलवले तरी सिग्नल कमीच होतो, ते मीही त्या दिवशी अगदी याच शब्दांत सांगितले असते.

सोमवारी दुपारी वर्गात धडा सुरू असताना लिंक तुटली. मंगळवारी पुन्हा तुटली. सकाळी ती ठीक चाले, पण दुपारी दरीतून वारा वर चढू लागला की सिग्नल पाच-सहा डेसिबलने खालीवर व्हायचा. सहशिक्षकांचे म्हणणे होते की रेडिओची शक्ती वाढवावी. मुख्याध्यापिका बाईंनी मात्र एक साधा प्रश्न विचारला: “सर, सिग्नल किती यायला हवा होता, हे आपण आधी काढलं होतं का?”

मी ते काढले नव्हते. त्या रात्री वही घेऊन बसलो. मोकळ्या हवेतून जाताना लहर किती क्षीण होते हे अंतर आणि वारंवारिता या दोनच गोष्टींवर ठरते. आमची शक्ती अशी ठरवलेली होती की रेडिओतून फक्त ४ मिलिवॅट बाहेर पडावेत. डिश ती शक्ती एका दिशेला एकवटते आणि त्या दिशेपुरता तिचा परिणाम हजार पटींनी वाढवते, म्हणजे समोर ४ वॅटचा परिणाम होतो. डेसिबलच्या भाषेत, एका मिलिवॅटला शून्य धरून, हे ६ अधिक ३०, म्हणजे ३६ झाले. समोरची डिशही ३० डेसिबलची भर घालते. अंतर किलोमीटरमध्ये आणि वारंवारिता मेगाहर्ट्झमध्ये धरली, तर हिशोब असा होतो:

```
L = 20·log10(4.6) + 20·log10(5800) + 32.44
  = 13.26 + 75.27 + 32.44 = 120.97 dB

Signal = 36 − 121 + 30 = −55 dBm
```

यायला हवा होता −५५ आणि येत होता −७९. तब्बल २४ डेसिबलची तूट होती. जुने कनेक्टर, डिशच्या लाभात थोडा फरक, वातावरण, हे सगळे मिळून दोन-तीन डेसिबल खाऊ शकतात, २४ नाही. २४ डेसिबल म्हणजे अपेक्षित शक्तीचा अडीचशेवा भाग हाती येत होता. शक्ती वाढवून ही तूट भरून काढता आली नसती. शिवाय परवानामुक्त पट्ट्यात शक्तीला जी मर्यादा आहे ती आम्ही आधीच गाठली होती. तुमच्या पाच किलोमीटरसाठी, तुमची शक्तीही एवढीच असेल तर, हाच हिशोब −५६ च्या जवळ येतो. म्हणजे तुमची तूट साधारण २२ डेसिबल आहे. आमच्या आणि तुमच्या आकड्यांतले हे साम्यच मला सर्वांत बोलके वाटते.

एवढी मोठी आणि स्थिर तूट कशाने पडते, याचे उत्तर डिशच्या झोतात आहे. डिशचा झोत टॉर्चसारखा असतो. ६५ सेंटिमीटरच्या डिशचा मुख्य झोत ५.८ गिगाहर्ट्झला साधारण साडेपाच अंश रुंद असतो. म्हणजे मध्यापासून पावणेतीन अंश बाजूला गेलो की शक्ती निम्मी होते. आणखी पुढे, सहा अंशांच्या आसपास, जवळपास काहीच मिळत नाही. तिथे एक काळा पट्टा असतो. पण त्याच्याही पलीकडे, साडेसात-आठ अंशांवर, पुन्हा एक फिकट झोत उगवतो. त्याला साइड लोब म्हणतात. तो मुख्य झोतापेक्षा साधारण १५ ते २० डेसिबलने क्षीण असतो. पाच किलोमीटरच्या अंतरावर एवढा क्षीण झोतही लिंक जुळवायला पुरतो आणि म्हणूनच तो फसवतो.

पुस्तकातल्या आकृतीत मुख्य झोताच्या दोन बाजूंना दोन कान काढलेले असतात, त्यामुळे साइड लोब डावीकडे आणि उजवीकडे असतो अशी समजूत होते. मीही वर्षानुवर्षे फळ्यावर तीच आकृती काढत आलो होतो. प्रत्यक्षात तो मुख्य झोताभोवतीचे एक कडे असतो, टॉर्चचा उजेड भिंतीवर पाडला की मधल्या गोलाभोवती एक अंधुक वलय दिसते तसे. आता समजा तुमची डिश दिशेने अचूक आहे, पण आठ अंश खाली झुकलेली आहे. समोरची इमारत त्या कड्याच्या वरच्या टोकावर येते. तिथे डिश डावी-उजवीकडे फिरवली तर आपण कड्यावरून खाली घसरतो आणि सिग्नल दोन्हीकडे उतरतो. डिश वर उचलली तर काळ्या पट्ट्यात जातो, खाली झुकवली तर कड्याच्या बाहेर पडतो. चारही दिशांना उतार असतो, पण हे शिखर टेकडीचे असते. डोंगर काळ्या पट्ट्याच्या पलीकडे उभा असतो.

वाऱ्याचे कोडेही यातच सुटते. हे कडे मुख्य झोताच्या साधारण निम्म्या जाडीचे असते. खांब वाऱ्याने एखादा अंश डुलला तर मुख्य झोतात तो फरक कळतसुद्धा नाही, पण कड्यावर तेवढ्याने सिग्नल काळ्या पट्ट्याकडे कोसळतो. वारा सुटला की लिंक तुटणे हे पक्की बसवलेली डिश साइड लोबवर असल्याचे लक्षण आहे, असे मी तेव्हापासून धरून चालतो. अर्थात आधी नट सैल नाहीत ना, हे पाहूनच.

आणखी एक खूण पडद्यावरच होती आणि मी ती पाहूनही सोडून दिली होती. हे रेडिओ एकाच दिशेला दोन लहरी पाठवतात, त्यांची कंपने एकमेकींना काटकोनात असतात आणि पडद्यावर त्यांचे आकडे `Chain 0` आणि `Chain 1` असे वेगवेगळे दिसतात. मुख्य झोताच्या मध्यावर हे दोन्ही आकडे एक-दोन डेसिबलच्या फरकाने जवळजवळ सारखे असतात. झोताच्या कडेला आणि साइड लोबवर दोन्ही लहरींचे आकार एकसारखे राहत नाहीत, त्यामुळे आकडे फाकतात. आमच्याकडे त्यांच्यात ८ डेसिबलचा फरक होता. तुमच्या पडद्यावर हे दोन आकडे आत्ताच पाहून घ्या. खांबावर न चढता मिळणारा हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे.

यात एक अडचण मात्र आहे. तूट कोणत्या टोकाची आहे हे सिग्नलचा आकडा सांगत नाही. माझी डिश वाकडी असली तर माझे ऐकणे जेवढे मंद होते तेवढेच माझे बोलणेही मंद होते, आणि दोन्ही पडद्यांवर तोच आकडा दिसतो. त्यामुळे दोन्ही टोके तपासावी लागतात आणि एका वेळी एकच. एक जण डिश हलवत असताना दुसऱ्याने नटाला हातही लावायचा नाही, असे आम्ही ठरवून घेतले. दोघांनी एकाच वेळी हलवली तर मिळालेल्या आकड्याचा काहीच अर्थ लावता येत नाही.

दुसऱ्या शनिवारी गच्चीवर जाताना मी कठडा दुरुस्त करणाऱ्या गवंड्याकडून ओळंबा मागून घेतला. खांबाच्या वरच्या क्लॅम्पला दोरी बांधून ओळंबा सोडला. खांब अडीच मीटर उंच होता आणि खाली ओळंबा खांबापासून १३ सेंटिमीटर दूर, दरीच्या बाजूला लोंबत होता. १३ भागिले २५०, म्हणजे खांब ३ अंश पुढे झुकलेला होता. गच्चीला पाण्यासाठी उतार होता आणि कठडाही त्याच बाजूला कललेला होता, त्यामुळे डोळ्याला खांब सरळच वाटत होता. डिशच्या पट्टीवरचे अंश खांबाच्या संदर्भात असतात. खांबच झुकला असेल तर पट्टीवरचा आकडा तेवढाच खोटा ठरतो. पट्टीवरचे ६ आणि खांबाचे ३ मिळून माझी डिश क्षितिजाच्या ९ अंश खाली पाहत होती.

किती खाली पाहायला हवे होते? उंचीतला फरक ९० मीटर, अंतर ४६०० मीटर. दर शंभर मीटरला जेमतेम दोन मीटर उतार, म्हणजे १.१ अंश. दहावीच्या त्रिकोणमितीतले हे सर्वांत सोपे उदाहरण आहे आणि मी ते न करता डोळ्यावर विश्वास ठेवला होता. डोंगरावर उभे राहिले की दरीची खोली नजरेला ओढून घेते आणि समोरचा डोंगर आहे त्यापेक्षा फार खाली वाटतो. माणसाचा डोळा उतार नेहमीच वाढवून सांगतो. चूक सुमारे ८ अंशांची होती, नेमकी कड्यावर नेऊन ठेवणारी.

खांब सरळ करण्यासाठी तळाशी पाचर मारून आम्ही तो ओळंब्यात आणला. मात्र गणिताने काढलेल्या जागी डिश थेट नेऊन ठेवण्याऐवजी मी तिला मुद्दाम आधीच्या ९ अंशांवरच ठेवले आणि तिथून वर उचलत नेले. मला तो काळा पट्टा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता, आणि जिथे उताराचा आकडा ठाऊक नसेल तिथे हीच पद्धत वापरावी लागते. जुळवणीपुरती चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली होती आणि शक्ती आपोआप बदलण्याची सोय बंद केली होती, कारण ती चालू असली तर डिश सुधारली की रेडिओ शक्ती कमी करतो आणि सुधारणा दिसतच नाही.

नट अर्धा सैल करून मी डिश अर्ध्या अर्ध्या अंशाने उचलू लागलो. प्रत्येक पावलानंतर पाच सेकंद थांबत होतो, कारण पडद्यावरचा आकडा सरासरीचा असतो आणि तो मागून येतो. −७९, −८१, −८५, −८८ आणि मग लिंक तुटली. मागच्या शनिवारी मी −८५ पाहूनच माघारी फिरलो होतो. या वेळी आणखी दीड अंश उचलली आणि हात काढून घेतला. तुटलेली लिंक पुन्हा जुळायला वेळ लागतो, म्हणून अशा जागी निदान वीस-तीस सेकंद थांबावे. सहशिक्षक फोनवर विचारत होते, “सर, गेली का पूर्णच?” मी त्यांना फक्त “हात लावू नका” एवढेच म्हणत होतो. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर −७० उमटले. नंतर −६७, −६४, −६२, −६१ असे चढत आकडे स्थिरावले आणि आणखी वर नेल्यावर पुन्हा उतरू लागले.

शिखराचा मध्य आकड्यावरून थेट ठरवू नये. झोताचा माथा सपाट असतो आणि दोन अंशांच्या टप्प्यात आकडा जेमतेम एखाद्या डेसिबलने बदलतो. त्याऐवजी दोन्ही बाजूंना सिग्नल ३ डेसिबलने पडतो त्या दोन जागा शोधाव्या, क्लॅम्पवर पेनाने दोन रेघा माराव्या आणि डिश त्या दोन रेघांच्या बरोबर मध्ये आणावी. माझ्या दोन रेघांचा मध्य क्षितिजाच्या सव्वा अंश खाली आला, गणिताने सांगितलेल्या १.१ अंशाला लागूनच. मग हीच कृती आडव्या दिशेला केली आणि एकदा पुन्हा उभ्या दिशेला. त्यानंतर खालच्या इमारतीवर सहशिक्षकांनी त्यांची डिश दोन्ही दिशांना पंधरा अंशांपर्यंत फिरवून पाहिली. ती पहिल्यापासूनच मुख्य झोतावर होती.

नट आवळताना डिश सरकते. एकच नट पूर्ण आवळला तर एक-दीड अंश सहज जातो. समोरासमोरचे नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळावे आणि नजर पडद्यावर ठेवावी.

शेवटी −६१ वर काम स्थिरावले. `Chain 0` आणि `Chain 1` यांच्यात फक्त एका डेसिबलचा फरक उरला होता आणि वाऱ्याने आकडा हलत नव्हता. सहशिक्षकांना एवढे पुरेसे वाटले. पण वहीत −५५ लिहिलेले होते आणि अजून ६ डेसिबल कमी होते. दोन्ही चेन सारख्या, दोन्ही डिश तपासलेल्या, तरी तूट उरते, याचा अर्थ ती डिशमध्ये नसून वाटेत आहे. शिवाय ६ डेसिबल हा आकडा ओळखीचा होता. लहरीची वाट एखाद्या अडथळ्याच्या माथ्याला नेमकी घासून जात असेल, तर निम्मा भाग झाकला जातो आणि बरोबर सहाच्या आसपास डेसिबल कमी होतात.

अडथळा दरीच्या मध्यभागी नव्हता. अशा दरी ओलांडणाऱ्या लिंकमध्ये मध्य बहुधा मोकळा असतो, तिथे शेकडो मीटर खोल पोकळी असते. अडथळा असतो तो आपल्याच पायाशी, पठाराच्या काठाजवळ. आमची इमारत काठापासून शंभर मीटर आत होती. डिश जमिनीपासून सहा मीटर उंच होती. शंभर मीटरमध्ये वाट दोन मीटर खाली उतरते, म्हणजे काठावर ती जमिनीपासून चार मीटरवर येते. काठावर अंजनीची झाडे होती आणि त्यांचे शेंडे साधारण तेवढ्याच उंचीवर पोहोचले होते. शिडीवर चढून डिशच्या उंचीवरून पाहिले, तर समोरची इमारत शेंड्यांच्या अगदी वर, पण स्पष्ट दिसत होती.

‘दिसते’ आणि ‘मोकळे आहे’ यांत फरक असतो, आणि तुमच्या प्रश्नातही तोच शब्द आला आहे म्हणून इथे थोडे थांबतो. लहर दोन बिंदूंमधून रेघेसारखी जात नाही. तिला भोवती जागा लागते. त्या जागेला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात आणि तिची जाडी तरंगलांबीवर ठरते. प्रकाशाची तरंगलांबी इतकी लहान असते की शंभर मीटरवर त्याला बोटाच्या जाडीएवढी वाट पुरते. आपल्या रेडिओची तरंगलांबी मात्र ५ सेंटिमीटरपेक्षा थोडी जास्त आहे. त्यामुळे शंभर मीटरवर या क्षेत्राची त्रिज्या सव्वादोन मीटर होते आणि दरीच्या मध्यावर पावणेआठ मीटर. या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा असला तर नुकसान जवळपास होत नाही. म्हणजे शेंड्यांच्या वर आम्हाला सुमारे १ मीटर ३५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी होती आणि आमच्याकडे ती शून्य होती. डोळ्याला शेंड्यावरून निसटणारी नजर पुरली, लहरीला पुरली नाही.

शाळेचे शिपाई मामा कोयता आणायला निघाले होते. मी त्यांना थांबवले. एक तर ती झाडे काठाची माती धरून ठेवतात. दुसरे म्हणजे छाटलेली फांदी पावसाळ्यात पुन्हा वाढते आणि ओली पाने कोरड्या पानांपेक्षा लहर जास्त शोषतात, त्यामुळे नेमकी जुलैत तीच तक्रार परत आली असती. आम्ही अडीच मीटरच्या जागी चार मीटरचा खांब उभा केला, तीन बाजूंनी ताणतारा दिल्या, पुन्हा ओळंबा सोडला आणि दोन रेघांची पद्धत पहिल्यापासून केली. आकडा −५६ आला.

डोंगरावरचा उंच खांब वीज ओढवून घेऊ शकतो, म्हणून त्याला वेगळी अर्थिंग दिली आणि वळवाचे ढग दिसले की गच्चीवर कोणीही जायचे नाही असा नियम केला. तुम्हीही काम मे महिन्याआधी उरका.

पावसाची भीती आम्हाला सुरुवातीला फार होती, ती तेवढी खरी निघाली नाही. ५.८ गिगाहर्ट्झला तासाला १०० मिलिमीटर वेगाने कोसळणारा पाऊसही किलोमीटरमागे साधारण एकच डेसिबल खातो. −७९ वर असताना वाऱ्याच्या भरीला तेवढे चार-साडेचार डेसिबलसुद्धा लिंक तोडायला पुरले असते. −५६ वर ते जाणवतही नाहीत. पावसाळ्यात खरा त्रास केबलच्या तोंडात शिरणाऱ्या पाण्याचा होतो. त्यासाठी रेडिओच्या खाली केबलला एक झोळ ठेवावा, म्हणजे पाणी त्या झोळाच्या तळाशी येऊन टपकते आणि कनेक्टरपर्यंत चढत नाही.

तुम्ही आधी दोन्ही चेनचे आकडे पाहा. त्यांच्यात चार-पाच डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल, तर दोन्ही खांबांना ओळंबा लावा, उंचीतला फरक अंतराने भागून खरा कल काढा आणि एका टोकाची डिश उभ्या दिशेला, लिंक तुटली तरी न थांबता, दोन्हीकडे पंधरा अंशांपर्यंत फिरवा. मग दुसऱ्या टोकाची. फरक एक-दोन डेसिबलचाच असेल, तर डिश सोडून काठावरच्या झाडांची उंची मोजायला जा. दोन्ही इमारतींची समुद्रसपाटीपासूनची उंची, डिशची जमिनीपासूनची उंची आणि इमारतीपासून डोंगराचा काठ किती दूर आहे, एवढे आकडे कळवलेत तर तुमच्या वाटेचा हिशोब मी करून देईन.